मुदत सरली तरी जुन्याच पत्त्यावर: जे-रूट आणि एल-रूटच्या स्थलांतराचा मागोवा

इंटरनेटवरील प्रत्येक नावाचा शोध मुळापासून सुरू होतो. एखाद्या संस्थेचे नाव आपण टाइप केले की आपल्या वतीने उत्तर शोधणारा संगणक, म्हणजे रिझॉल्व्हर, त्याच्याकडे आधीची काहीच माहिती नसेल तर प्रथम रूट सर्व्हरकडे जातो. रूट सर्व्हर तेरा आहेत आणि त्यांना ए ते एम अशी अक्षरे दिलेली आहेत. पण या तेरांचे पत्ते रिझॉल्व्हरला कोण सांगणार? ते विचारायला यांच्या वर कोणीच नाही. म्हणून हे पत्ते एका छोट्या फाइलमध्ये लिहून ती फाइल रिझॉल्व्हरसोबतच ठेवावी लागते. तिला हिंट्स फाइल म्हणतात. तिचे अधिकृत नाव `named.root` असून अनेक यंत्रांवर ती `named.cache` किंवा `db.cache` या नावानेही सापडते.

या फाइलच्या जुन्या आवृत्त्या आजही मिळतात. प्रत्येकीच्या माथ्यावर शेवटच्या बदलाची तारीख आणि संबंधित रूट झोनचा अनुक्रमांक असतो. म्हणून हा इतिहास लिहिताना आठवणींवर विसंबावे लागत नाही. कोणत्या दिवशी कोणता पत्ता खरा होता, हे फाइलच सांगते. तिच्या शेजारी डीएनएसची नियमपत्रे, म्हणजे आरएफसी, आणि नंतर झालेली मोजमापे ठेवली की एका प्रश्नाचे उत्तर पुष्कळसे जुळवता येते. सर्व्हरचा पत्ता बदलल्यावर, जुन्या नोंदीची मुदत संपल्यावरही, जुन्या पत्त्यावर वर्दळ का राहते?

दोन आवृत्त्या, एक बदललेली ओळ

२२ ऑगस्ट १९९७ च्या हिंट्स फाइलमध्ये जे-रूटची नोंद अशी आहे:

```
; temporarily housed at NSI (InterNIC)
.                     3600000  NS  J.ROOT-SERVERS.NET.
J.ROOT-SERVERS.NET.   3600000  A   198.41.0.10
```

पहिली ओळ शेरा आहे. हा सर्व्हर नेटवर्क सोल्यूशन्स या कंपनीकडे तात्पुरता ठेवला आहे, असे ती सांगते. त्या वर्षी जे, के, एल आणि एम हे चार सर्व्हर नव्याने जोडले गेले होते. के लंडनला आणि एम जपानला गेला. जे आणि एल मात्र सुरुवातीच्याच जागी राहिले. त्याच फाइलमध्ये वरच्या बाजूला ए-रूटचा पत्ता `198.41.0.4` असा दिसतो. दोन्ही पत्त्यांचे पहिले तीन भाग सारखे आहेत, म्हणजे ए आणि जे एकाच लहान जाळ्यात होते. त्या जाळ्याची वाट बंद पडली तर तेरांपैकी दोन सर्व्हर एकदम दिसेनासे झाले असते.

यानंतरची आवृत्ती ५ नोव्हेंबर २००२ ची आहे. तिचा झोन-अनुक्रमांक 2002110501 आहे आणि जे-रूटची पत्त्याची ओळ अशी आहे:

```
J.ROOT-SERVERS.NET.   3600000  A   192.58.128.30
```

तात्पुरतेपणाचा शेरा गेला आणि सर्व्हर ए-रूटपासून वेगळ्या जाळ्यात आला. या तारखेच्या १५ दिवस आधी, २१ ऑक्टोबर २००२ रोजी, तेराही रूट सर्व्हरवर एकाच वेळी मोठा हल्ला झाला होता. दोन तारखा जवळ आहेत एवढ्यावरून हल्ल्याला स्थलांतराचे कारण ठरवणे घाईचे होईल. दोन सर्व्हर एकाच जाळ्यात असण्याचा धोका १९९७ च्या फाइलमध्येच लिहिलेला होता. हलवण्याचे कारण हल्ल्याच्या कितीतरी आधीपासून अस्तित्वात होते.

आपल्या प्रश्नासाठी महत्त्वाची आहे ती या दोन आवृत्त्यांमधली पाच वर्षांहून जास्त काळाची पोकळी. इतकी वर्षे फाइल बदललीच नाही. या काळात ज्याने रिझॉल्व्हर उभारला त्याच्या यंत्रावर तीच १९९७ ची फाइल गेली, आणि ती पुन्हा पाहावी लागते असे वाटण्याचे काही कारण त्याला मिळाले नाही. ऑपरेटिंग सिस्टिमच्या सीडींवर, पुस्तकांतील नमुन्यांत आणि एका यंत्रावरून दुसऱ्यावर केलेल्या नकलांत ती पसरत गेली. जुन्या पत्त्यावरच्या वर्दळीची मुळे या पाच स्थिर वर्षांत आहेत.

३६ लाख सेकंदांचा हिशेब

वरच्या नोंदीतला 3600000 हा आकडा म्हणजे टीटीएल, नोंदीचे आयुष्य. तो सेकंदांत असतो. ३६ लाख सेकंद म्हणजे १,००० तास, म्हणजेच ४१ दिवस १६ तास. त्या काळातल्या रूट सर्व्हरच्या उत्तरांतही पत्त्याच्या नोंदी याच आयुष्याच्या असत. त्याच उत्तरातल्या सर्व्हरच्या नावांच्या यादीचे आयुष्य मात्र ५,१८,४०० सेकंद, म्हणजे सहा दिवस असे.

आयुष्याची ही कल्पना पॉल मोकापेट्रिस यांनी नोव्हेंबर १९८७ मधल्या आरएफसी १०३४ मध्ये नीट मांडली आहे. नोंद देणारा तिच्यासोबत मुदत देतो. घेणाऱ्याने ती स्वतःजवळ, कॅशमध्ये, तेवढाच काळ ठेवायची आणि मुदत संपली की टाकून द्यायची. नेहमीच्या संगणकांसाठी ही मुदत काही दिवसांची असावी, असे तिथे सुचवले आहे. बदल होणार हे आधी ठाऊक असेल तर मुदत आधीच कमी करावी आणि बदल झाल्यावर पूर्ववत करावी, हा सल्लाही त्याच परिच्छेदात आहे. आज काळजीपूर्वक स्थलांतर करणारा व्यवस्थापक जी पद्धत वापरतो ती अशी १९८७ पासूनच लिहिलेली आहे.

आता जे-रूटला हा नियम लावून पाहू. एखाद्या रिझॉल्व्हरने बदलाच्या अगदी आधी, ५ नोव्हेंबरची तारीख सुरू होता होता, जुना पत्ता कॅशमध्ये घेतला असे धरू. सगळ्यांत वाईट स्थितीत तो १६ डिसेंबर २००२ च्या दुपारपर्यंत जुन्या पत्त्यावर जाऊ शकतो. या रिझॉल्व्हरकडून दुसऱ्याने माहिती घेतली तरी ही सीमा पुढे सरकत नाही, कारण कॅशमधून उत्तर देताना पूर्ण मुदत दिली जात नाही. उरलेली मुदतच दिली जाते. ३० दिवस उलटून गेले असतील तर घेणाऱ्याला साडेअकरा दिवसांच्या आसपासच मिळतात. साखळी कितीही लांब असली तरी सगळ्यांची घड्याळे एकाच क्षणी शून्यावर येतात.

व्यवहारात ही सीमा आणखी अलीकडे येते. कॅशमधली नोंद जास्तीत जास्त किती ठेवायची याची कमाल मर्यादा रिझॉल्व्हर स्वतः घालतो. आजच्या बाइंडमध्ये ती न बदलल्यास एक आठवडा असते, अनबाउंडमध्ये एक दिवस. म्हणजे ४१ दिवसांची नोंदही तिथे आठवड्यात किंवा दिवसात गळून पडते.

मुदत पाळणाऱ्या सगळ्यांचा हिशेब डिसेंबर २००२ च्या मध्याला संपतो. तरीही २०१५ साली जे-रूट चालवणाऱ्या व्हेरिसाइनचे ड्युएन वेसल्स यांनी जुन्या जे-रूटच्या तेरा वर्षांचे निरीक्षण डीएनएस-ओएआरसी या संस्थेच्या सभेत मांडले, तेव्हा `198.41.0.10` या पत्त्यावर चौकश्या येतच होत्या. ४१ दिवस आणि १३ वर्षे यांच्यातले अंतर लांब टीटीएलने भरून निघत नाही. त्यामागे दुसरे कारण असले पाहिजे.

ज्या प्रतीला मुदतच नाही

ते कारणही आरएफसी १०३४ मध्येच सापडते. रिझॉल्व्हरची रचना सांगताना त्यात एका राखीव यादीचा उल्लेख आहे. कॅशमध्ये वाट दाखवणारे काहीच नसेल तेव्हा वापरायची ही यादी. ती कॉन्फिगरेशनच्या फाइलमधून भरली जाते, म्हणून ती कॅशच्या नियमाबाहेर राहते. तिच्यावर घड्याळ चालत नाही. यंत्र दर वेळी सुरू झाले की ती पुन्हा तशीच्या तशी वाचली जाते. हिंट्स फाइलमधल्या ओळीत 3600000 लिहिलेले असले तरी डिस्कवरची ती ओळ ४१ दिवसांनी पुसली जात नाही.

मग १९९७ ची फाइल असलेले रिझॉल्व्हर २००२ नंतर कोलमडले का नाहीत? ते सुरू होताना करतात त्या एका गोष्टीमुळे. तिला प्रायमिंग म्हणतात. फाइलमधल्या तेरांपैकी एक पत्ता निवडायचा, त्याला रूट सर्व्हरची ताजी यादी विचारायची, आणि उत्तर आले की त्यापुढे त्या उत्तरावर चालायचे. फाइलचे काम तिथे संपते. तेरांपैकी एकच पत्ता जुना असेल तर तो बारा वेळा निवडलाच जात नाही. तेराव्या वेळी निवडला गेला आणि तिथून उत्तर आले नाही तर रिझॉल्व्हर दुसरा पत्ता घेतो. विलंब क्षणभराचा असतो, वापरणाऱ्याला काहीच जाणवत नाही. चूक जाणवत नाही म्हणून फाइल सुधारली जात नाही, आणि व्यवस्थेचा हा मजबूतपणाच जुन्या प्रतीला आयुष्य देतो.

यात एक महत्त्वाचा तपशील आहे. प्रायमिंग कसे करावे हे १९८७ च्या नियमपत्रांत सांगितलेलेच नव्हते. ती रिझॉल्व्हर लिहिणाऱ्यांची प्रथा होती. आरएफसी ८१०९ मध्ये ती शिफारस म्हणून लिहिली गेली मार्च २०१७ मध्ये, म्हणजे जवळजवळ ३० वर्षांनी आणि जे-रूटच्या स्थलांतरानंतर १४ वर्षांनी. २००२ साली चालू असलेला एखादा रिझॉल्व्हर प्रायमिंग करत नसेल, किंवा एकदाच करून थांबत असेल, तरी तो कोणत्याही लिखित नियमाचा भंग करत नव्हता.

यावरून जुन्या पत्त्यावर येणाऱ्यांचे दोन गट पडतात, आणि ते ओळखण्याची खूणही हाती येते. पहिल्या गटाची फाइल जुनी आहे पण प्रायमिंग व्यवस्थित आहे. यादीचे आयुष्य सहा दिवस, म्हणजे वर्षाला सुमारे ६१ वेळा प्रायमिंग. त्यातला तेरावा हिस्सा जुन्या पत्त्याला, म्हणजे वर्षाला चार-पाच चौकश्या. यंत्र वारंवार बंद-चालू होत असेल तर थोड्या अधिक. त्या सगळ्या एकाच प्रकारच्या असतात, रूटच्या यादीची विचारणा करणाऱ्या:

```
.    IN  NS
```

दुसरा गट जुन्या पत्त्याला नेहमीच्या नावांबद्दल विचारतो. अमुक `.com` कुठे आहे, तमुक `.org` कुठे आहे. याचा अर्थ त्या यंत्रात जुना पत्ता फक्त सुरुवातीची खूण म्हणून उरलेला नाही. ते यंत्र तो रोजच्या कामासाठी वापरते आहे. ताजी यादी त्याने कधी घेतलीच नाही, किंवा घेऊन वापरली नाही. पहिल्या गटाला जुना पत्ता बंद झाल्याने धक्का बसत नाही. दुसऱ्या गटातल्या यंत्रांचे मात्र तेरांपैकी एक दार कायमचे बंद होते, आणि पुढे आणखी सर्व्हर हलले की दारे कमी होत जातात. जुन्या पत्त्यावरच्या चौकश्यांची नुसती एकूण संख्या फारसे सांगत नाही. त्यांतल्या किती फक्त यादी विचारतात आणि किती रोजचे काम करतात, हे पाहिल्यावर अर्थ लागतो.

एल-रूट: पत्ता सोडल्यावर तो कोणाचा?

जे-रूटचे एक सुदैव होते. त्याचा जुना पत्ता ए-रूटच्याच जाळ्यात होता आणि ए-रूट कुठेही जाणार नव्हता. त्यामुळे ते जाळे मूळ चालकाच्याच हातात राहिले आणि जुन्या पत्त्यावर उत्तर देणे वर्षानुवर्षे शक्य झाले. एल-रूटची गोष्ट इथे वेगळी होते.

१९९७ च्या फाइलमध्ये एल-रूटचा पत्ता `198.32.64.12` आहे आणि त्याच्याही डोक्यावर तात्पुरतेपणाचा शेरा आहे, फक्त संस्था आयएसआय, म्हणजे सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाची माहितीशास्त्र संस्था. पुढे हा सर्व्हर आयकॅनकडे आला. १ नोव्हेंबर २००७ च्या आवृत्तीत, झोन-अनुक्रमांक 2007110100, त्याचा पत्ता `199.7.83.42` झाला. जुना पत्ता नेटवर्कच्या अदलाबदल केंद्रांसाठी राखलेल्या मोठ्या गटातला होता. तो आयकॅनचा स्वतःचा नव्हता. नवा पत्ता आयकॅनच्या स्वतःच्या गटातला होता. जुना पत्ता सहा महिने चालू ठेवू, असे आयकॅनने जाहीर केले आणि २ मे २००८ रोजी तो बंद केला.

इथेही तोच हिशेब करू. १ नोव्हेंबरपासून ४१ दिवस १६ तास मोजले तर मुदत पाळणारा शेवटचा रिझॉल्व्हर १२ डिसेंबर २००७ ला नव्या पत्त्यावर आलेला असायला हवा. आयकॅनने त्याच्या चौपटीहून अधिक अवधी दिला. टीटीएलच्या दृष्टीने ही मुदत भरपूर उदार होती.

पण मे २००८ मध्ये रेनेसिस या जाळ्यांच्या वाटा मोजणाऱ्या कंपनीने दाखवून दिले की त्या सहा महिन्यांत आणखी तीन जाळ्यांनी जुन्या पत्त्याचा गट आमच्याकडे आहे, अशी घोषणा इंटरनेटवर केली होती. पहिली घोषणा डिसेंबर २००७ च्या मध्यातली, शेवटची एप्रिल २००८ च्या सुरुवातीची. जुन्या पत्त्यासाठी निघालेली चौकशी त्यामुळे आयकॅनच्या सर्व्हरकडे जाईलच असे राहिले नाही. जवळची वाट ज्या जाळ्याची, तिकडे ती वळे. २ मे नंतर आयकॅनने आपली घोषणा मागे घेतली तरी पत्ता उत्तर देतच राहिला, आणि उत्तर देणारे दुसरेच कोणी होते. हे उघड झाल्यावर महिन्याच्या मध्यापर्यंत त्या घोषणा थांबल्या. त्या सर्व्हरनी चुकीची उत्तरे दिल्याचा पुरावा मिळाला नाही.

नुकसान झाले नाही म्हणून या घटनेचे महत्त्व कमी होत नाही. जो रिझॉल्व्हर डिस्कवरच्या फाइलमधून जुन्या पत्त्यावर जातो, त्याला समोर कोण आहे हे ओळखण्याचे साधन तेव्हा नव्हते. रूट झोनवर डिजिटल सही आली जुलै २०१० मध्ये. त्याआधी त्या पत्त्यावरून येणारे उत्तर खरे मानण्याखेरीज त्याच्यापुढे मार्ग नव्हता. मुदतीबाहेरची वर्दळ ही वाया जाणारी चार-दोन पाकिटे असतात हा समज एल-रूटने खोटा ठरवला. पत्ता सोडणे म्हणजे त्यावर अजूनही विश्वास ठेवणारी सगळी यंत्रे पुढच्या धारकाच्या हवाली करणे होय.

नंतरच्या स्थलांतरांची कागदपत्रे वाचताना चालकांनी हे मनावर घेतलेले दिसते. मेरिलँड विद्यापीठाने डी-रूट ३ जानेवारी २०१३ रोजी `128.8.10.90` वरून `199.7.91.13` वर नेला. जुना पत्ता विद्यापीठाच्याच गटातला असल्यामुळे तिथे उत्तरे देणे चालू ठेवले, आणि दोन्ही पत्त्यांवरच्या वर्दळीचा अभ्यास त्याच वर्षी प्रसिद्ध केला. बी-रूट २७ नोव्हेंबर २०२३ रोजी `199.9.14.201` वरून `170.247.170.2` वर गेला, तेव्हा जुना पत्ता निदान एक वर्ष चालू ठेवण्याचे आधीच जाहीर केले होते. या मुदती टीटीएलपेक्षा कितीतरी मोठ्या आहेत, कारण त्या टीटीएलसाठी नाहीतच. लोकांनी फाइली बदलाव्यात यासाठी त्या आहेत.

फाइल जुनी आहे हे कळण्याची सोयही दरम्यान झाली. बाइंड प्रायमिंगचे उत्तर आल्यावर ते हातातल्या हिंट्सशी ताडून पाहतो आणि फरक असेल तर लॉगमध्ये लिहितो. बी-रूटच्या बदलानंतर जुनी यादी असलेल्या यंत्रांवर अशा ओळी दिसू लागल्या:

```
checkhints: b.root-servers.net/A (170.247.170.2) missing from hints
checkhints: b.root-servers.net/A (199.9.14.201) extra record in hints
```

पहिली ओळ सांगते की नवा पत्ता तुमच्या यादीत नाही. दुसरी सांगते की तुमच्या यादीतला एक पत्ता आता रूटच्या उत्तरात नाही. सेवा चालू असते, म्हणून या ओळींकडे दुर्लक्ष होते. पण पुढच्या काही वर्षांत जुन्या पत्त्यावर कोण येत राहणार, त्याचा हा आगाऊ पुरावा आहे.

तुमच्या-माझ्या सर्व्हरला हे कसे लागू पडते

रूट सर्व्हर हलवण्याची वेळ फार थोड्यांवर येते. संस्थेचे संकेतस्थळ एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेण्याची वेळ मात्र पुष्कळांवर येते, आणि वर्दळीचे हेच दोन भाग तिथेही पडतात. एक टीटीएलने बांधलेला, दुसरा न बांधलेला.

समजा `www` च्या नोंदीचे आयुष्य ८६,४०० सेकंद, म्हणजे एक दिवस आहे. शुक्रवारी सकाळी १० वाजता ते ३०० सेकंदांवर आणले. ही कमी केलेली मुदत झोनच्या दुय्यम सर्व्हरवर पोहोचायला, समजा, ११ वाजले. ११ च्या अगदी आधी एखाद्या रिझॉल्व्हरने दुय्यम सर्व्हरकडून जुनी, पूर्ण दिवसाची नोंद घेतलेली असू शकते. ती शनिवारी ११ पर्यंत जगते. म्हणून पत्ता शनिवारी ११ च्या आधी बदलणे घाईचे ठरते. त्यानंतर, समजा रविवारी पहाटे २ वाजता, बदलला तर बदल सगळ्या सर्व्हरवर पोहोचल्यापासून पाच मिनिटांत मुदत पाळणारे सगळे नव्या जागी येतात. अनेकदा मुदत कमी करणे आणि पत्ता बदलणे ही दोन्ही कामे एकाच बैठकीत उरकली जातात. तसे केले तर पाच मिनिटांची मुदत कोणाच्याच कॅशमध्ये गेलेली नसते. तिथे जुनी, दिवसभराची नोंदच असते.

मधल्या काळात एखाद्या रिझॉल्व्हरकडे काय आहे ते त्यालाच विचारून पाहता येते:

```
dig +noall +answer www.example.com A
```

उत्तरातला आकडा म्हणजे उरलेली मुदत. दहा सेकंदांनी पुन्हा विचारल्यावर तो दहाने कमी झाला तर उत्तर त्याच कॅशमधून आले आहे. झोनच्या अधिकृत सर्व्हरला थेट विचारले तर आकडा दर वेळी पूर्ण येतो. मोठ्या सार्वजनिक रिझॉल्व्हरमागे अनेक कॅश असतात, त्यामुळे तिथे आकडा कधी वर, कधी खाली दिसतो. त्याला बिघाड समजू नये.

काही मुदती आपल्या हातात नसतात. फक्त पत्ता न बदलता नाव सांभाळणारे सर्व्हरच बदलले, म्हणजे डीएनएसची सेवा एका पुरवठादाराकडून दुसऱ्याकडे नेली, तर `.com` च्या सर्व्हरवरची त्यांची नोंद महत्त्वाची ठरते. तिचे आयुष्य १,७२,८०० सेकंद, म्हणजे दोन दिवस असते, आणि ते आपल्या झोनमध्ये काहीही लिहिले तरी कमी होत नाही. ते दोन दिवस जुन्या पुरवठादाराकडे झोन चालू ठेवावा लागतो आणि त्यात नवाच पत्ता लिहिलेला असावा लागतो. शिवाय मार्च २०२० च्या आरएफसी ८७६७ नुसार, अधिकृत सर्व्हरपर्यंत पोहोचता आले नाही तर रिझॉल्व्हरला मुदत संपलेली नोंदही तात्पुरती देता यावी, अशी सोय झाली आहे. स्थलांतराच्या घाईत जुने नाम-सर्व्हर आधी बंद केले तर नेमकी हीच सोय काही लोकांना जुन्या पत्त्याकडे पाठवते.

हे सारे धरूनही मुदत पाळणारे रिझॉल्व्हर काही दिवसांत संपतात. त्यानंतर जुन्या सर्व्हरच्या लॉगमध्ये जे दिसते त्याचे मूळ बहुधा डिस्कवर किंवा चालू प्रोग्रॅमच्या स्मृतीत असते. कोणीतरी `/etc/hosts` मध्ये पत्ता लिहून ठेवलेला असतो, फायरवॉलच्या नियमात किंवा भागीदार संस्थेच्या प्रोग्रॅममध्ये नावाऐवजी आकडे असतात. काही प्रोग्रॅम नाव एकदाच शोधतात आणि पुन्हा सुरू होईपर्यंत तोच पत्ता धरून बसतात. जावाच्या प्रोग्रॅममध्ये सिक्युरिटी मॅनेजर लावलेला असे तेव्हा ठरलेले वर्तन हेच होते. शोध लागलेला पत्ता कायमचा ठेवला जाई, टीटीएल काहीही असो. अशांना नोंदीत कोणताही आकडा लिहून हलवता येत नाही. लॉगमध्ये ते कोण आहेत ते शोधावे लागते आणि त्यांच्याशी बोलावे लागते.

त्यासाठी रूट सर्व्हरच्या कागदपत्रांतून मिळालेलीच कसोटी वापरावी. मोजणीपेक्षा प्रकार पाहावा. जुन्या जागी येणारी विनंती आपल्या संकेतस्थळाचे नाव सांगते का, की नुसत्या आकड्यांच्या पत्त्यावर दार ठोठावते? पहिली आपल्या वापरकर्त्याची असते. दुसऱ्या बहुतेक इंटरनेटभर फिरणाऱ्या शोधयंत्रांच्या असतात आणि त्या कधीच थांबत नाहीत. त्यांचा आकडा शून्यावर यायची वाट पाहणारा जुना सर्व्हर कधीच बंद करू शकणार नाही. पहिल्या प्रकारात मात्र त्याच त्या थोड्या पत्त्यांवरून ठरावीक वेळेला येणाऱ्या विनंत्या दिसल्या तर तिकडे माणसाने लावलेले काम असते आणि ते बंद पडल्यावर तक्रार येणारच असते. असा शेवटचा ग्राहक हलेपर्यंत जुन्या यंत्राने विनंत्या नव्याकडे पाठवत राहाव्यात. जुने उत्तर स्वतः देत राहिले तर दोन ठिकाणी दोन वेगळी माहिती साचत जाते, आणि ती जुळवणे स्थलांतरापेक्षाही अवघड होते.

तारीख ठरवताना दोन वेगळे हिशेब करावेत. पहिला नोंदीच्या मुदतीचा आहे. तो कागदावर, स्थलांतराच्या आधी करता येतो, आणि त्याचे उत्तर दिवसांत येते. दुसरा मुदत नसलेल्या प्रतींचा. तो फक्त जुन्या पत्त्यावरच्या लॉगवरून, स्थलांतरानंतर करता येतो. पहिला हिशेब संपला म्हणजे काम संपले असे जे-रूटची तेरा वर्षे सांगत नाहीत. आणि दुसरा हिशेब चालू असताना पत्ता हातातून जाऊ देऊ नये, हे एल-रूटच्या सहा महिन्यांनी सांगितले आहे. भाड्याच्या सर्व्हरचा पत्ता परत करताना तो उद्या दुसऱ्या ग्राहकाला मिळणार असतो. त्या दिवशीही आपल्या नावाने कोणी तिथे येत असेल, तर त्याची विनंती, कदाचित पासवर्डसह, त्या अनोळखी ग्राहकाच्या यंत्रात पोहोचेल. म्हणून पत्ता सोडण्याची तारीख टीटीएलवरून न ठरवता, आपल्या नावाची शेवटची विनंती ज्या दिवशी दिसली त्या दिवसापासून मोजावी.